तांदळाच्या धुवणातली मुशी

खारदांड्याहून सुकी मासळी घेऊन एक मावशी यायची, तिचं आधी सांगते. बाकीचं मागून सांगितलं तरी चालेल. मुंबईत माझे पाय टिकले ते तिच्यामुळे, आणि हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. तिला तर नाहीच नाही. अंगानं सडसडीत, नऊवारी गुडघ्यापर्यंत घट्ट कसलेली, कानात जड सोनं, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडे कळायचं, जवळा आला. तिनं मला एक गोष्ट शिकवली आणि त्यापायी आमच्या गल्लीतलं सगळं गिऱ्हाईक गमावलं. माझ्या तोंडून तेव्हा एक शब्द फुटला नाही. म्हणून हे लिहायला बसले. लिहायची सवय नाही, सहावीतून शाळा सुटली. पण राग अजून आहे, आणि राग असला की शब्द सापडतात.

ऐंशीनंतरची ती वर्षं. अंधेरी पूर्वेला टेकडीच्या उतारावर एक चाळ होती, पत्र्याची, बारा खोल्यांची. शेवटच्या दोन खोल्यांत एका मालवणी बाईंची खानावळ. त्यांना सगळे काकी म्हणत, मीही म्हणायची. जेवायला चौदा माणसं, सगळी कोकणातली. काही पूर्वी गिरणीत होती, आता खालच्या कारखान्यांत कुणी फिटर, कुणी पॅकिंगला, कुणी गेटवर. मी तिथं स्वयंपाकाला राहिले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. गाव घाटावर, बीडकडं. समुद्र मी पाहिलेला नव्हता. मासा म्हणजे आमच्याकडं बाजाराच्या दिवशी मिळणारं मूठभर सुकट, तेही तव्यावर भाजून ठेचा केला की संपलं.

काकींना हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. लपवलं नव्हतं. त्या म्हणाल्या, भाकऱ्या चांगल्या थापतेस ना, मग झालं, बाकी शिकशील. शिकवणार कोण, ते काही बोलल्या नाहीत.

झोपायला स्वयंपाकाची खोली. पोटाला अन्न, वर महिन्याला काही. गावी भावाचा संसार, तिथं माझ्या वाट्याची भाकरी उरली नव्हती. आई सगळ्या गावाला सांगत फिरायची, पोरगी मुंबईला कामाला लागली. मी परत गेले असते तर आईला त्याच गावात मान खाली घालून पाणी भरावं लागलं असतं. म्हणून मी घाबरून राहायची. भांडं जरा जोरात ठेवलं तरी आधी काकींच्या तोंडाकडे बघायची.

आणि त्या घरात सगळ्यांत जपायची गोष्ट होती पाणी. टेकडीवर नळ नव्हता. खाली रस्त्याच्या कडेला सार्वजनिक नळ, पहाटे तासभर यायचा. दोन हंडे घेऊन मी सहा खेपा करायची. पाणी पिंपात पडायचं आणि काकी त्या पिंपात काठी बुडवून बघायच्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. काठी कुठपर्यंत ओली झाली त्यावरून माझा दिवस चांगला की वाईट ते ठरायचं. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी होतं, पण ते गंजाचं आणि कावळ्यांच्या घाणीचं. भांड्याला, कपड्याला चालायचं, खायच्या जिनसाला नाही. हा काकींचा नियम बरोबर होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढं आहे.

आषाढ लागला. समुद्रावरच्या होड्या वर ओढून ठेवलेल्या, ताजा मासा बाजारात नाही, असला तर आगीच्या भावाचा. कोकणी माणसाला रविवारी ताटात मासळी हवीच, त्यातून पुढं श्रावण येणार, म्हणजे महिनाभर काहीच नाही. काकींनी पावसाआधी आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापुरत्या सुक्या मासळीची, बेगमी करून ठेवली होती. त्यातली एक गोणी त्यांनी मला दाखवली आणि म्हणाल्या, यंदा रविवारी मोरी तळायची. काकी त्या माशाला मोरी म्हणत, खारदांड्याची मावशी मुशी म्हणे, मासा तोच. काट्यांचा नव्हे, मऊ हाडाचा मोठा मासा असतो तो. चिरून, मीठ भरून, उन्हात वाळवतात.

गोणी उघडली आणि मी मागं सरले. राखाडी, लाकडाच्या फळकुटांसारखे तुकडे, वर मिठाचे पांढरे पापुद्रे. पाठीची कातडी काचकागदासारखी. आणि वास. मासळीचा वास मला आता आवडतो, उगाच नाक मुरडणाऱ्यातली मी नाही. पण तो वास डोळ्यांत जाऊन झोंबणारा होता, मुतारीसारखा. मी काकींना विचारलं, हे करायचं कसं?

"भिजव आणि तळ. त्याच्यात विचारूचा काय?"

एवढंच. किती वेळ भिजवायचं, कशात, पुढं काय, काही नाही. मी पातेल्यात तुकडे घातले, वर तांब्याभर पाणी ओतलं. दुसरा तांब्या उचलला तर काकी म्हणाल्या, "पाणी काय तुझो बापूस भरता गो?"

भरत मीच होते. पण तांब्या खाली ठेवला.

तासाभरानं तुकडे काढले. आमच्या गावाकडं तळणाला जे लावतात ते लावलं, तिखट, हळद, मीठ. हो, मीठ. मिठात वाळवलेल्या माशाला मी वरून आणखी मीठ लावलं. माझी चूक, ती मी कबूल करते, ती चूक घाटावरचं माणूसच करू शकतं. कोकणातल्या सात वर्षांच्या पोरीनंसुद्धा केली नसती. तेलात घातल्याबरोबर तुकडे तडतडले, बाहेरून काळे पडले, आतून तसेच दगड. वासानं शेजारच्या तीन खोल्यांची दारं बंद झाली.

पंगतीत पहिल्या जागेवर एक वॉचमनकाका बसायचे. पूर्वी गिरणीत होते, आता एका कारखान्याच्या गेटवर. जिभेला धार. त्यांनी तुकडा तोंडात घातला, थांबले, आणि ताटाच्या कडेला काढून ठेवला.

"काकी, समुद्रच वाढलात. भात द्या आता त्याच्यात बुडवूक."

सगळे हसले. चौदापैकी चौदा तुकडे परत आले. काकींनी ताटं माझ्यासमोर आणून ठेवली आणि सगळ्या पंगतीसमोरच म्हणाल्या, घाटार मासे खंय असतत, हिका काय कळणार. वॉचमनकाकांनी त्यात भर घातली. म्हणाले, कळता सगळा, मुद्दाम खारट केल्यान, माणूस एकच तुकडो खाता आणि गोणी महिनाभर पुरता, मालकिणीची बचत.

हे मला लागलं. चुकीबद्दल बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं. पण मुद्दाम? मी त्या दिवशी स्वतःही जेवले नव्हते. आणि काकींनी, ज्यांना पक्कं ठाऊक होतं की मला येत नाही म्हणून झालं, त्यांनी होय म्हणून मान हलवली. नाही म्हटलं नाही. मला आजही त्या मान हलवण्याचा राग येतो, खारट माशाचा येत नाही.

पुढच्या रविवारी मी माझं डोकं चालवलं. पाणी बदलायला मिळत नाही ना, मग त्याच पाण्यात उकळू. उकळलं की मीठ निघेल. तासभर उकळलं. मला हे सुचलं नाही की पाणी आटतंय आणि मीठ मात्र कुठं जात नाही, ते आटून आटून परत माशातच बसतंय. झाकण काढलं तर पातेल्यात धाग्यांचा चोथा आणि तळाला घट्ट करडं पाणी. तो चोथा पिळून, वड्या करून तळला. तळताना सगळ्या फुटल्या. पंगतीला काय वाढलं ते सांगायलाही लाज वाटते. वॉचमनकाकांनी या वेळी काही म्हटलंच नाही, ताट सरकवून उठून गेले. ते जास्त वाईट होतं. दोन माणसं खालच्या उडप्याकडं गेली.

त्या संध्याकाळी काकी म्हणाल्या, "पुढच्या रविवारी ताटातसून मोरी परत इली, तर सोमवारी येष्टी धर. माझी गिऱ्हाइकां तुटाक लागली."

मी म्हटलं, काकी, एकदा तुम्ही करून दाखवा, मी बघून शिकते. त्या म्हणाल्या, करूचा मीच तर तुका ठेवलंय कित्याक?

आता मला कळतं की त्यांनी का दाखवलं नाही. तेव्हा कळत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मी उंबऱ्यात बसून एका तुकड्याशी झटत होते. काकी रेशनच्या रांगेत गेल्या होत्या. तेवढ्यात मावशी आली, पाटी उतरवली, पदरानं तोंड पुसलं आणि पाणी मागितलं. चढण चढून आली होती, चेहरा लाल. मी पिंपात बघितलं, काठी आठवली, आणि तरी तांब्याभर दिलं. ती घटाघटा प्यायली, आणखी मागितलं. आणखी दिलं. रात्री त्याबद्दल मी बोलणी खाल्ली, ते सोडा.

तांब्या परत देताना तिचं लक्ष माझ्या हातातल्या तुकड्याकडे गेलं. तिनं तो घेतला, वास घेतला, नखानं खरवडला, कडेची पिवळी झालेली चरबी बघितली आणि परत दिला.

"ही माझी मुशी नाय," ती म्हणाली. "ही वरसाची हाय. गेल्या आगोटीची. कुठून घेतली गो तुझ्या मालकिणीनं?"

मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, मला ठाऊक हाय, बाजारात एक जण जुना माल उजळ मीठ लावून परत विकतो, मी तिला पावसाच्या आधी या दारातच सांगितलं होतं, त्याच्याकडून घेऊ नको, डबल मीठ हाय. स्वस्त मिळालं म्हणून घेतलं असणार. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुला बोलते का?"

मला रडू आलं. मी सगळं सांगून टाकलं, दोन्ही रविवार, चोथा, मुद्दाम खारट, सोमवारची एसटी. बोलता बोलता मी परत परत पिंपाकडे बघत होते. तिनं ते बघितलं.

"पाण्याची एवढी भीती?" ती म्हणाली. "तांदूळ किती शिजवतेस दिवसाला?"

मी सांगितलं. चौदा माणसं, दोन वेळ.

"मंग त्याचं धुवण कुठं जातं?"

सांडपाण्याच्या मोरीत. रोज दोन वेळा, तीन तीन पाण्यांनी तांदूळ धुवायची मी, आणि ते सगळं पांढरं पाणी मोरीत ओतायची. माझी नजर मोरीकडे गेली आणि मला हसू आलं, रडता रडता.

ती उंबऱ्यातच फतकल मारून बसली आणि मला समजावलं. आधी पाणी नाही लावायचं. कोरडे तुकडे एकमेकांवर आपटायचे, नारळाच्या काथ्यानं खरवडायचे, वरचं मीठ निम्मं तिथंच झडतं. पाण्यात विरघळवायची गरजच काय? मग तांदळाच्या धुवणात घालायचे. धुवण वास ओढतं. पण पातेल्याच्या तळाला नाही ठेवायचे. तिनं कोपऱ्यातली तांदूळ धुवायची रोवळी उचलली, ती पातेल्याच्या तोंडावर अशी बसवली की तुकडे पाण्यात बुडतील पण तळाला टेकणार नाहीत.

"मीठ खाली बसतं," ती म्हणाली. "मासा तळाला बसला तर त्याच मिठात बसतो. वर ठेव. कातडी वर, मांस खाली, म्हणजे मीठ खाली गळतं."

मी म्हटलं, एवढंच?

"एवढंच कुठं. सकाळचं धुवण दुपारी बदल, दुपारचं संध्याकाळी. थोड्या थोड्या पाण्यात तीन येळा, एकदाच हंडाभर ओतून नाय उपयोग. जरा मऊ झालं की मंग दोन बोटांचे तुकडे कर, आधी करशील तर कोयता मोडेल. आणि एक तुस, धाग्याएवढं, तोडून चावून बघत जा. जीभ सांगते."

मग उकळणं. गार पाण्यात तुकडे घालायचे, त्यात चिंच. चांगली चिंच नको, आमटीसाठी कोळ काढला की उरतो तो चोथा टाकायचा. डोळ्याला झोंबणारा वास चिंचेनं मरतो. एक उकळी, वर फेस आला की पाच बोटं मोजायचा वेळ, आणि लगेच ते पाणी फेकायचं. तेच पाणी आटवत बसायचं नाही. गरम आहे तोवर चमच्याच्या कडेनं कातडी खरवडली की सालीसारखी निघते. नंतर फडक्यात दाबून कोरडं करायचं, ओलं तेलात गेलं तर हातावर उडेल. लसूण, तिखट, हळद, तांदळाचं पीठ. मंद आचेवर.

"आणि मीठ?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढं आयुष्यात तो प्रश्न विचारला नाही. मग ती हसली, पाटी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, रविवारी मी या बाजूला येणार, बघते काय केलंस ते.

शनिवार सकाळपासून सुरू केलं. काथ्यानं खरवडताना मिठाची एक वाटी भरली, अगदी मोजून नाही सांगत, पण वाटी भरली. सकाळचं धुवण, दुपारी त्यातलंच राखून ठेवलेलं, संध्याकाळी नवं. पहिलं पाणी करडं निघालं, दुसरं दुधाळ, तिसरं जवळजवळ तसंच, जसं ओतलं होतं. रविवारी पहाटे नळावरून आल्यावर एक तुस तोडून चावलं. खारट होतं, पण जेवणाइतकं खारट. तोंडातून बाहेर काढावं असं नाही. उकळीला मात्र स्वच्छ पाणी हवं होतं. ते मी माझ्या अंघोळीच्या बादलीतून घेतलं, त्या दिवशी हातपाय धुऊन भागवलं. पिंपाला हात लावला नाही.

काकी सकाळी उठल्या, काठी बुडवली, बघितली, परत बुडवली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आश्चर्य दिसलं, आणि काठी भिंतीला उभी राहिली.

दुपारी पंगत बसली. तुकडे लालसर, कडा कुरकुरीत. वॉचमनकाकांनी आधी वास घेतला, मग कोपरा तोडला, मग अख्खा तुकडा तोंडात टाकला. दुसरा मागितला. मी उभी होते, हातात झारा. सगळ्यांनी खाल्लं. कुणीतरी बोटं चाटली. एका ताटातूनही मोरी परत आली नाही.

"काकी," वॉचमनकाका म्हणाले, "आज हात तुमचो लागलो वाटतं."

आणि काकी म्हणाल्या, "मगे? कालपासून पाठी लागून करून घेतलंय. घाटावरच्यांका हात धरून दाखवूक लागता."

मी झारा घट्ट धरला. सोमवारची एसटी टळली होती, एवढं पुरे होतं, असं मनाला सांगत होते. बरोबर त्याच वेळी दारात पाटी उतरली. मावशी आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, तिचं तोंडच सांगत होतं.

"असं होय," मावशी म्हणाली. "मंग काकी, मना पण सांग, कशी केलीस?"

"कशी म्हणजे? भिजवायची नि तळायची."

"कुठल्या पाण्यात?"

"पाण्यात म्हणजे पाण्यात. तीन तांबे लागले, भरपूर पाणी घातलंय."

"तुझ्या पिंपातलं?"

काकींनी मान वळवली. काठी भिंतीलाच होती. सकाळी त्यांनीच ती बुडवली होती, त्यांनाच माहीत होतं की पिंप कालच्याइतकंच भरलेलं आहे.

मावशीनं आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "या पोरीनं तुझ्या पिंपातला एक थेंब घेतला नाय. तांदळाच्या धुवणात केलंय तिनं, जे तू रोज मोरीत सोडतेस. आणि ही मुशी वरसाची हाय, मी तुला आगोटीला याच दारात सांगितलं होतं, घेऊ नको, डबल मीठ हाय. घेतलीस ती घेतलीस. मंग खारट झाली तर पोरीला का बोललीस?"

वॉचमनकाकांनी भाताचा शेवटचा घास हातातच धरला. माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग म्हणाले, "आणखी एक तुकडो आसा काय?"

मी दिला. बरीच वर्षं मी धरून चालले होते की तो तुकडा मागणं म्हणजेच त्यांची माफी होती. आता नाही वाटत तसं. माणसाला माफी मागता येते, तोंडात घास असला तरी. मुद्दाम खारट केल्यान म्हणायला तोंड कसं रिकामं होतं?

काकी उठल्या. त्या मावशीला म्हणाल्या, "आता या दारात पाटी उतरवू नको. तुझ्या मासळीची आमका गरज नाय."

मावशी हसलीसुद्धा. "नको तर नको गो." ती वाकली, चुंबळ डोक्यावर ठेवली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरी, हात लाव."

मी गेले. पाटीला हात लावला, तिच्या डोक्यावर चढवली. काकी बघत होत्या. बोलायला तेवढाच क्षण होता माझ्याकडे. म्हणायला हवं होतं, मावशी खरं सांगते, मी सांगते ना, हिनं शिकवलं मला. एवढंच. चौदा माणसं ऐकत होती. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. मला वाटलं, बोलले तर परत एसटी. मावशीनं माझ्या हातावर थोपटलं, जणू काही मी बोलले होते, आणि उतारावरून गेली.

काकींनी मला काढलं नाही. कशा काढतील? पुढच्या रविवारीही मोरी मागितली गेली, श्रावण लागेपर्यंत ती गोणी संपली, आणि शेजारच्या दोन खोल्यांतल्या बायका रोवळी घेऊन मला विचारायला आल्या. मी सांगितलं. कुणाचं म्हणून सांगितलं नाही. काकी मला बोलायच्या, पण मासळीवरून कधीच नाही. पुढं मला कळलं की वर्षभर जुनी, डबल मिठाची मोरी त्यांना स्वतःलाही करता येत नव्हती. करायच्या ती ताजी, नाहीतर हलक्या मिठाची. म्हणून दाखवली नव्हती. एवढंच कारण होतं. आपल्याला येत नाही हे म्हणण्यापेक्षा माझी एसटी काढणं त्यांना सोपं वाटलं.

पण गल्लीतल्या बायका काकींच्या बाजूनं होत्या, खानावळवाली म्हणजे मोठं घर. मावशीची पाटी हळूहळू कुणाच्याच दारात उतरेना. दिवाळीपर्यंत तिचा आवाज आमच्या बाजूला यायचा थांबला. एकदा मी अंधेरी स्टेशनच्या बाजारात तिला लांबून बघितलं. ओळख पटली, पण मी आडोशाला गेले. त्या आडोशाचा रागही याच रागात धरा.

आता माझ्याकडे माझी चूल आहे, दोन बायका हाताखाली आहेत, पाणी नळाला येतं. तरी सुकी मुशी मी रोवळीतच भिजवते, धुवणातच, कातडी वर करून. हाताखालच्या बायकांना पहिल्याच दिवशी समोर बसवून करून दाखवते. आणि दाखवताना सांगते की हे खारदांड्याच्या एका मावशीचं आहे.

एवढ्यानं भागत नाही, मला माहीत आहे. म्हणून ठरवलंय. एक दिवस खारदांड्याला जाईन. ती नसेल तर तिच्या सुनेला, नातीला, कुणी असेल त्याला विचारत जाईन, पाटीवाली ती मावशी, कानात जड सोनं, मोठा आवाज. घर सापडेल. माझ्या हातची मुशी डब्यात नेईन, लालसर, कडा कुरकुरीत, तिच्या ताटात वाढीन. आणि तिच्या घरातली सगळी बसलेली असताना, आवाज न चोरता, त्या दुपारी जे बोलायला हवं होतं ते बोलेन.